तेल संपायच्या आधी फोन कधी करायचा?

आजच्या बोलण्यात आपण गटाच्या किराणा दुकानाच्या बिझनेस प्लॅनमधलं एकच पान उघडणार आहोत. ते पान साठ्याचं. उमेदच्या गटाने प्लॅन केलेला असो, माविमच्या गटाने केलेला असो, की मुद्राच्या शिशु कर्जासाठी ५० हजारांच्या आतला एकटीचा प्लॅन असो, या पानावर बहुतेक वेळा एकच ओळ दिसते: 'किराणा माल, एक महिन्याचा, इतके रुपये.' बँकेतले साहेब विचारतात, "हा आकडा कसा काढला?" आणि आपल्यातली जी बोलकी असते तीसुद्धा गप्प बसते.

हा आकडा तीन गोष्टींतून निघतो. माल किती उरला की पुन्हा मागवायचा, ही पहिली. त्याला रिऑर्डर पॉइंट म्हणतात. अडीअडचणीसाठी किती माल बाजूला असावा, ही दुसरी. तो राखीव साठा. आणि एका खेपेला किती मागवायचं, ही तिसरी. दुकानात जिन्नस दीडशे असतील, पण आज आम्ही एकच घेणार आहोत: एक लिटरची सोयाबीन तेलाची पिशवी. एक जिन्नस नीट समजला की साखर, चहापत्ती, डाळ, साबण तुम्ही स्वतः मांडाल.

एक दुकान डोळ्यांसमोर धरू. गाव घाटंजी तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून आत. दहा जणींचा गट दुकान चालवतो. माल यवतमाळच्या ठोक दुकानातून येतो. फोन केला की तो व्यापारी त्या बाजूला जाणाऱ्या गाडीत पेट्या टाकतो. तेलाच्या एका पेटीत दहा पिशव्या, आणि एक पिशवी गटाला १३० रुपयांना पडते असं धरू. तुमच्याकडचा भाव वेगळा असेल, तो तुम्ही घाला. रीत तीच राहील.

सुरुवात विक्रीच्या वहीपासून. या दुकानाच्या वहीत मागच्या ३० दिवसांत १५० पिशव्या विकल्याची नोंद आहे. १५० भागिले ३०, म्हणजे रोज पाच, असं कुणीही चटकन सांगेल. पण वही जरा निरखून पाहा. मधे पाच दिवस तेलाच्या रकान्यात शून्य आहे. त्या दिवशी गावाने फोडणी दिली नाही असं थोडंच आहे! त्या दिवशी दुकानात तेलच नव्हतं. बाया आल्या, "ताई, तेल आहे का?" म्हणाल्या, "संपलं जी, सोमवारी येईल" हे ऐकून परत गेल्या. ती मागणी वहीत कुठेच उतरली नाही. म्हणून भागाकार ३० ने नाही, तेल फळीवर होतं त्या २५ दिवसांनी करायचा. १५० भागिले २५, म्हणजे रोज सहा. पाच आणि सहा यांत फरक एकाचाच दिसतो, पण पाच धरून माल मागवला की तेल पुन्हा संपतं, पुन्हा शून्य लागतं, आणि पुढच्या महिन्याची सरासरी आणखी खाली जाते. असं करत करत वही आपल्यालाच पटवून देते की या गावात तेल खपत नाही. यावर सोपा उपाय असा: माल संपला त्या दिवशी वहीत शून्य लिहायचं नाही, 'नव्हतं' असं लिहायचं.

आता वाट पाहायचे दिवस. फोन केला तेव्हापासून पेटी आपल्या फळीवर लागेपर्यंत किती दिवस जातात ते मोजायचं. व्यापारी म्हणतो "उद्या टाकतो", तो आकडा घ्यायचा नाही. फोनची तारीख आणि माल उतरल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवायच्या. आपल्या या दुकानाला साधारण तीन दिवस लागतात. पण कधी गाडीच भरत नाही, कधी मधे सुट्टी येते, आणि मग पाच दिवस लागलेत. म्हणजे नेहमीचे तीन, वाईटात वाईट पाच.

तीन दिवसांत रोज सहा याप्रमाणे १८ पिशव्या जातील. मग १८ उरल्या की फोन करायचा का? सगळं नेहमीसारखं झालं तर शेवटची पिशवी विकली जाईल आणि दारात गाडी उभी राहील. पण नेहमीसारखं न होण्याचे दिवस काही थोडे नसतात. बाजाराच्या दिवशी दहा पिशव्या जातात. कुणाकडे तेरवी असली की एकाच घरी पाच-सहा जातात. १८ वर फोन करणारं दुकान दर दोन-तीन खेपांमागे एकदा तरी रिकामं पडणार. म्हणून त्या १८ च्या खाली राखीव साठ्याचा थर हवा.

तो किती असावा, याची एक रीत प्रशिक्षणात सांगतात. सगळ्यात जास्त खपाचा दिवस गुणिले सगळ्यात जास्त वाट, त्यातून नेहमीची गरज वजा. इथे दहा गुणिले पाच म्हणजे ५०, त्यातून १८ गेले, राहिले ३२. रीत चुकीची नाही, पण आम्हाला ती लहान दुकानाला जड वाटते. तिचा अर्थ असा होतो की गाडी पाच दिवस उशिरा येईल आणि ते पाचही दिवस बाजाराचेच असतील. आठवड्यात बाजार पाचदा भरत नाही! त्यापेक्षा वहीकडेच परत जा. मागच्या तीन-चार महिन्यांत लागोपाठच्या कोणत्या पाच दिवसांत सगळ्यात जास्त तेल गेलं ते शोधा. बोट ठेवून पाच-पाच दिवसांची बेरीज करत खाली यायचं, एवढंच काम. आपल्या दुकानात ती बेरीज ३८ निघाली. म्हणजे खरोखर घडलेल्या वाईट पाच दिवसांना ३८ पिशव्या पुरल्या असत्या. त्यातून नेहमीच्या १८ वजा केल्या की राखीव साठा २०.

आणि ३८ हाच आपला रिऑर्डर पॉइंट. तेल पेट्यांत येतं, म्हणून ४० धरू. चार पेट्या उरल्या की त्याच दिवशी फोन. दुकानात बसणारी बाई रोज बदलते, म्हणून हा आकडा कुणाच्या डोक्यात ठेवून चालत नाही. खालच्या चार पेट्या वेगळ्या रचा, त्यांच्यावर लाल चिठ्ठी लावा. पाचवी पेटी संपून चिठ्ठीला हात लागला की जी बसली असेल तिने फोन करायचा आणि वहीत तारीख टाकायची. फोन झाल्यावर चिठ्ठी काढून वहीत ठेवायची, नाहीतर दुपारी आलेली दुसरी बाई पुन्हा फोन करते आणि दुप्पट माल येऊन पडतो. नवा माल आला की जुन्या पेट्या पुढे घ्यायच्या, नव्या मागे. राखीव म्हणून ठेवलेल्या त्याच चार पेट्या वर्षभर तळाला राहिल्या तर त्यांची तारीख उलटून जाईल. राखीव असतो तो आकडा. पेट्या फिरत राहिल्या पाहिजेत.

आता तिसरी गोष्ट, एका खेपेला किती? इथे दोन खर्च एकमेकांशी भांडतात. थोडं थोडं मागवलं तर खेपा वाढतात, दर खेपेला गाडीभाडं, हमाली, फोन, माल मोजून घेणाऱ्या बाईचा वेळ. एकदम भरपूर मागवलं तर खेपा वाचतात, पण पैसा पेट्यांत अडकतो, त्यावर कर्जाचं व्याज चालूच राहतं, पिशव्या गळतात, उंदीर कुरतडतात.

हे भांडण सोडवायची रीत अमेरिकेतल्या फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनियरने १९१३ साली मांडली. ती कारखान्यासाठी होती, पण किराण्यालाही चालते. आपले आकडे घालू. वर्षाचे सोयीसाठी ३६० दिवस धरले तर रोज सहाने २,१६० पिशव्या. एका खेपेचा खर्च समजा ३०० रुपये, पण त्याच गाडीत साखर, डाळ, साबणही येतात, म्हणून तेलाच्या वाट्याला ४० रुपये धरू. एक पिशवी वर्षभर ठेवायचा खर्च असा: १३० रुपयांवर वर्षाला बारा टक्के व्याज म्हणजे १५ रुपये ६० पैसे, आणि गळती-नासाडीचे साडेचार रुपयांच्या आतबाहेर, मिळून २० रुपये. आता दोन गुणिले २,१६० गुणिले ४०, भागिले २०. उत्तर येतं ८,६४०. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर त्याचं वर्गमूळ काढा, ९३ च्या थोडं आत येतं. पेट्यांत मोजायचं तर नऊ पेट्या, ९० पिशव्या. पंधरा दिवसांचा माल.

वर्गमूळ नको असेल तर दुसऱ्या वाटेने जाऊ, आणि खरं तर हीच वाट जास्त शिकवते. ९० ची खेप घेतली तर वर्षाला २४ खेपा, ४० रुपयांप्रमाणे ९६० रुपये. फळीवर सरासरी निम्मी खेप पडून असते, म्हणजे ४५ पिशव्या, २० रुपयांनी ९०० रुपये. एकूण १,८६०. आता ६० ची खेप बघा. खेपा ३६, खर्च १,४४०. सरासरी ३० पिशव्या पडून, ६०० रुपये. एकूण २,०४०. म्हणजे ९० च्या जागी ६० घेतल्या तर वर्षाला १८० रुपये जास्त लागतात, महिन्याला फक्त १५. आणि त्या १५ रुपयांच्या बदल्यात दर खेपेला ३,९०० रुपये कमी उभे करावे लागतात. ज्या गटाकडे खेळतं भांडवल तोकडं आहे त्याने ६० च घ्याव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र याचा अर्थ आणखी कमी केलं तर आणखी बरं, असा नाही. ३० ची खेप घेतली तर वर्षाला ७२ खेपा होतात, खर्च २,८८० आणि ३००, मिळून ३,१८०. तिथे खर्च उडी मारतो. उत्तराच्या आसपास थोडं इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही, फार लांब गेलं की बिघडतं.

व्यापारी इथे एक आमिष दाखवतो. "ताई, अठरा पेट्या उचला, पिशवीमागे दोन रुपये सोडतो." १८० पिशव्यांवर ३६० रुपये वाचतात, ते लहान नाहीत. महिन्याभराचं तेल आहे, खराबही होणार नाही. आकडेमोड केली तर स्कीम फायद्याचीच निघते. पण १८० गुणिले १२८ म्हणजे २३,०४० रुपये त्याच दिवशी मोजावे लागतात. गटाचं सगळं खेळतं भांडवल ५० हजार असेल तर जवळजवळ निम्मं एका तेलात गेलं, आणि त्या आठवड्यात साखर नि चहापत्ती संपली तर आणायला पैसे नाहीत. चहापत्ती नाही म्हणून जी बाई एसटीने तालुक्याला जाते ती तेल, साबण, सगळंच तिकडून घेऊन येते. तुम्ही स्कीम घ्या, पण बाकीच्या मुख्य जिन्नसांच्या पुढच्या खेपेचे पैसे बाजूला काढून उरत असतील तरच.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर हेही. लाल चिठ्ठी दिसली, फोन केला, गाडी आली, आणि गल्ल्यात सात हजार आठशे नाहीत, असं झालं तर वरचं सगळं गणित वाया. आपल्याकडे हे होतं ते उधारीमुळे. मृगानंतर पेरणीला घराघरातला पैसा बियाणं-खतात जातो, आणि किराणा वहीवर चालतो तो कापूस विकला जाईपर्यंत. दुकानात माल खपलेला दिसतो, पण गल्ल्यात त्याचे पैसे आलेले नसतात. म्हणून साठ्याच्या पानावर उधारी वेगळी मांडा. तेल विकलं की पिशवीची खरेदी किंमत, म्हणजे १३० रुपये, वेगळ्या डब्यात टाकायची शिस्त काही दुकानांत असते. उधारीवर दिलेल्या पिशवीचे १३० मात्र त्या डब्यात पडत नाहीत, ते गटाला दुसरीकडून घालावे लागतात. पावसाळ्यात असे किती रुपये अडकतात तो आकडा काढला की तेवढं जादा भांडवल प्लॅनमध्ये मागायला आपल्याकडे कारण असतं.

पावसाळ्यात रिऑर्डर पॉइंटही हलतो, आणि तो उलट्या दिशेने हलतो असं पहिल्यांदा वाटतं. समजा जुलैत विक्री रोज पाचवर आली. मग चिठ्ठी खाली घ्यायची? नाही. नाल्याला पूर आला की गाडी पलीकडेच थांबते, आणि वाट कधी आठ दिवसांवर जाते. मागच्या पावसाळ्याच्या वहीत लागोपाठच्या आठ दिवसांची सगळ्यात मोठी बेरीज ४५ निघाली असेल तर चिठ्ठी पाच पेट्यांवर न्यायची. खप कमी आणि राखीव जास्त, कारण इथे अनिश्चित आहे तो रस्ता. दिवाळीत आणि कापूस वेचणीत याच्या उलट असतं: रस्ता कोरडा, गाडी वेळेवर, पण वेचणीची मजुरी हातात आल्यामुळे खप वाढलेला. तेव्हा खेप मोठी करा. पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी यांची मागणी आधीच माहीत असते, ती राखीव साठ्यावर ढकलू नका. त्यासाठी वेगळी खेप सणाच्या आठ-दहा दिवस आधी मागवा, आणि सण झाला की लगेच जुन्या आकड्यावर या. दिवाळीचा आकडा डिसेंबरातही चालू ठेवला की बेसन आणि रवा कीड लागेपर्यंत पडून राहतात.

ही रीत सगळ्या मालाला सारखी लावू नका. पाव, खारी, दही यांना राखीव साठा ठेवणं म्हणजे उद्याचा कचरा आज विकत घेणं. तिथे माल किती दिवस टिकतो त्यावरून खेप ठरते, आणि संध्याकाळी थोडा माल कमी पडला तर पडू द्यावा. मीठ स्वस्त आहे, टिकतं, आणि नसलं तर गिऱ्हाईक चिडतं, तिथे हात सैल सोडा. गल्ल्यातला बराचसा पैसा पंधरा-वीस जिन्नसांतून येतो. तेवढ्यांचंच गणित करा. पिना, बटणं, रिबिनी यांना अंदाज पुरे.

आता प्लॅनचं पान लिहू. तेलाची ओळ अशी होईल: रोजची विक्री सहा पिशव्या, वाट तीन दिवस, जास्तीत जास्त पाच, रिऑर्डर पॉइंट ४०, एका खेपेला ६०. यावरून साठ्याचे पैसे निघतात. चाळीसवर फोन केला, तीन दिवसांत १८ गेल्या, गाडी आली तेव्हा २२ उरल्या होत्या. त्यात ६० पडल्या, झाल्या ८२. म्हणजे तेलात जास्तीत जास्त १०,६६० रुपये. मग विक्री होत होत पुन्हा २२ पर्यंत खाली. वरचा ८२ आणि खालचा २२, मधला आकडा ५२, म्हणजे सरासरी ६,७६० रुपये तेलात गुंतलेले असतात. दुकान सुरू करताना पहिल्या दिवशी मात्र ६० घेऊन भागत नाही, ८२ लागतात, पेट्यांत नऊ. हे विसरलं की पहिल्याच महिन्यात दुकान रिकामं दिसतं.

त्या २२ पिशव्यांकडे जरा थांबून बघा. २,८६० रुपये. दुकान चालू आहे तोवर हे पैसे कधीच रोख होऊन हातात येणार नाहीत, ते घराच्या पायासारखे आतच राहणार. सगळ्या जिन्नसांचे असे पैसे एकत्र केले की बरीच रक्कम होते. ती रक्कम सहा महिन्यांत फेडायच्या कर्जातून उभी केली तर हप्ता भरायला राखीव मालच विकावा लागतो, आणि चिठ्ठी निरुपयोगी होते. म्हणून राखीव साठ्याचा पैसा गटाच्या स्वतःच्या बचतीतून किंवा लांब मुदतीच्या कर्जातून दाखवा. खेपेच्या ६० पिशव्यांचे पैसे दहा दिवसांत फिरून परत येतात, त्यांच्यासाठी थोड्या मुदतीचं कर्ज चालतं. बँकेच्या साहेबांपुढे हे दोन आकडे वेगवेगळे ठेवले की "कसा काढला?" याचं उत्तर पानावरच असतं.

हे आकडे बरोबर बसले की नाही, हे गटाच्या महिन्याच्या बैठकीत दोन नोंदींवरून कळतं. एक, महिन्यात किती दिवस 'नव्हतं' लिहिलं गेलं. दोन, दर वेळी गाडी आली तेव्हा फळीवर किती पिशव्या उरल्या होत्या. पुस्तकी हिशोबाने २२ उराव्यात. तीन-चार खेपा लागोपाठ तीसच्या वर उरत असतील तर चिठ्ठी एक पेटी खाली घ्या. दोनदा दहाच्या खाली गेलं असेल तर एक पेटी वर न्या, मग 'नव्हतं' एकदाही लिहिलं नसलं तरी.